अठ्ठेचाळीस जणांच्या सहीचा मजकूर

चि. राणीस,


तुझ्या वर्गाच्या चिठ्ठ्या आणि तू केलेला कच्चा मजकूर, दोन्ही मिळाले. "आत्या, तू मराठीची बाई होतीस, आमच्या गणिताच्या सरांच्या निरोपाच्या भेटकार्डावरचं चार ओळींत तूच लिहून दे," असं तू म्हणालीस. मी दोन दिवस चिठ्ठ्या घेऊन बसले. एकटीने लिहून देणार नाही, कारण मी तुमच्या वर्गात बसलेले नाही आणि सरांना ते पहिल्या वाक्यालाच कळेल. पण तुमच्याच चिठ्ठ्यांमधून मजकूर कसा काढायचा ते सांगते, आणि एक नमुनाही जोडते. तो वर्गात वाचून दाखव, मोडा, बदला.

आधी तारखेचं बोलू, कारण तू लिहिलं आहेस की कार्ड ३१ मेला द्यायचं. सरांचा वाढदिवस १ जूनला असतो ना? आमच्या शिक्षक-खोलीतही १ जूनचे वाढदिवसवाले बरेच होते. पूर्वी गावाकडे जन्माची नोंद घरी नसायची. जूनमध्ये शाळा उघडली की वडील मुलाला घेऊन यायचे, हेडमास्तर पोराकडे पाहून वय ठरवायचे आणि दाखल्यावर १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रात अनुदानित शाळेतला शिक्षक ज्या महिन्यात ५८ वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मात्र जन्मतारीख महिन्याची एक असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून तुमचे सर ३१ मेला निवृत्त होणार, आणि त्या दिवशी शाळेत एकही मूल नसणार. तुमची परीक्षा एप्रिलमध्ये संपेल, निम्मा वर्ग मामाच्या गावी असेल. सेवापूर्तीचा समारंभ संस्था करील, तिथे शाल, श्रीफळ आणि भाषणं होतील. त्या गर्दीत तुमचं कार्ड पुष्पगुच्छांखाली जाईल. तुमचा दिवस वेगळा आहे: परीक्षेआधीचा सरांचा शेवटचा तास. शेवटची दहा मिनिटं मागून घ्या आणि वर्गातच द्या. त्या तासापर्यंतचे दिवस उद्यापासून मोजायला लाग.

आता मजकूर. तुझा खर्डा असा सुरू होतो: "आपल्या जाण्याने शाळेत जी पोकळी निर्माण होणार आहे ती कधीही भरून येणारी नाही. आपल्या आठवणी सदैव आमच्या स्मरणात राहतील." राणी, ही वाक्यं चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर असतात. सर चालतेबोलते आहेत, उद्या सकाळी भाजी आणायला जाणार आहेत. "उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचं जावो" हेही काढ. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला "उर्वरित" हा शब्द कसा लागतो, ते तुला या वयात कळणं अवघड आहे, म्हणून मी सांगते. गुरूवरचा संस्कृत श्लोकही नको. तो समारंभाच्या मानपत्रात असेलच, आणि सूत्रसंचालक तो पुन्हा म्हणेल.

या वाक्यांची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ती कोणत्याही शिक्षकाला, कोणत्याही वर्गाने दिली तरी चालतात. सर शिस्तीचे होते, वक्तशीर होते, त्यांनी अनेक विद्यार्थी घडवले, हे अध्यक्ष बोलतील, मुख्याध्यापक बोलतील, त्यांचे जुने सहकारी बोलतील. पण नववी ब चं दार लागल्यावर आत काय होत होतं, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही. ते तुम्हा अठ्ठेचाळीस जणांनाच माहीत आहे, आणि सरांना. कार्डात तेच लिहायचं.

दुसरी अडचण "आम्हा सर्वांना" या शब्दांची आहे. तू लिहिलंस, "आम्हा सर्वांना आपण खूप आवडता आणि आपल्यामुळे आमची गणिताची भीती कायमची गेली." मग मी चिठ्ठ्या उघडल्या. बाविसाव्या चिठ्ठीत एका मुलाने पेन्सिलीने लिहिलंय: "मला गणित अजून येत नाही. सरांची भीती पण वाटते." या मुलाने तुझ्या वाक्याखाली सही करायची का? तो करील, कारण सगळे करतायत. पण सर पेपर तपासतात, त्याचं गणित त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच्या सहीपाशी पोचले की ते वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं पडेल, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही थोडं डळमळेल.

म्हणून एक कसोटी ठेव. अठ्ठेचाळीस जणांपैकी प्रत्येकाला मनापासून सही करता येईल असंच वाक्य कार्डात राहील. भावना सगळ्यांच्या सारख्या नसतात, त्या तशा करताही येत नाहीत. घडलेली गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी असते. सर कोणाला आवडत असतील, कोणाला नसतील, पण फळ्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वर्गाच्या पत्रात तेच टिकतं.

तुझ्या चिठ्ठ्या मी तीन गठ्ठ्यांत लावल्या. सगळ्यात जाड गठ्ठा "सर खूप छान शिकवतात", "सर ग्रेट आहेत", "मिस यू सर" असा आहे. त्यात मुलांचा दोष नाही. तू विचारलंस, "सरांबद्दल काय वाटतं ते लिहा." असा प्रश्न विचारला की असंच उत्तर येतं. दुसरा गठ्ठा बारीक आहे, त्यात सरांच्या सवयी आहेत: पट्टी टेबलावर कशी आपटतात, डस्टर कुठे ठेवतात, "कारण?" कसं विचारतात. तिसऱ्यात फक्त चार चिठ्ठ्या आहेत, आणि चारहींत घडलेला प्रसंग आहे. त्या चारांपैकी तीन एकाच दिवसाबद्दल आहेत. आपसात न ठरवता तीन जणांनी तोच दिवस निवडला, तेव्हा मजकूर तिथेच आहे हे मला कळलं.

तरीही पुन्हा एकदा चिठ्ठ्या घे. या वेळी प्रश्न बदल. "सरांच्या तासाला घडलेली एक गोष्ट लिही, ज्या वेळी तू वर्गात होतास" असं विचार, आणि "सरांमुळे तुझ्या वहीत काय बदललं" असं विचार. नाव लिहायची सक्ती नको. मी "वही" म्हणते आहे हे लक्षात ठेव, आयुष्य नाही. आयुष्याबद्दल विचारलं की पुन्हा भाषण येईल.

आता त्या दिवसाबद्दल. तिन्ही चिठ्ठ्या जोडून मला जे समजलं ते असं. वर्तुळाच्या धड्यात केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो, हे प्रमेय होतं. सरांनी आकृती काढली आणि कोणीतरी मागून म्हणालं, "सर, हे तर दिसतंच आहे, सिद्ध कशाला करायचं?" सर काही बोलले नाहीत. त्यांनी आकृती पुसली आणि दोन आडव्या रेघा काढल्या. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं काढली, दुसरीच्या टोकांना उलटे, बाहेर उघडणारे फाटे. मोठी कोणती, म्हणून हात वर करायला सांगितले. जवळजवळ सगळा वर्ग फाटेवाल्या रेघेच्या बाजूने होता. मग सरांनी मोठी लाकडी पट्टी लावली, आणि दोन्ही रेघा सारख्याच भरल्या. सर म्हणाले, "दिसतं म्हणजे सिद्ध होत नाही. आता जीवेकडे चला." आणि दोन काटकोन त्रिकोण, सारख्या त्रिज्या, सामाईक बाजू, कर्ण-भुजा कसोटी, असं करत ते प्रमेय फळ्यावर संपवलं.

डोळ्यांचा हा भ्रम जुना आणि प्रसिद्ध आहे, तो मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतो. पण तुमच्यासाठी तो त्या दिवशी, त्या फळ्यावर घडला. वर्गात होते त्या सगळ्यांनी हात वर केले होते आणि सगळ्यांनी पट्टी पाहिली. बाविसाव्या चिठ्ठीवाल्या मुलानेही. त्याला प्रमेय आलं नसेल, पण हात त्यानेही वर केला होता. या गोष्टीखाली त्याची सही खरी असेल. मात्र त्या दिवशी कोण गैरहजर होतं ते विचारून घे. दोन-तीन जण असतील तर "आमच्यातल्या ज्यांनी तो तास चुकवला त्यांनाही आम्ही तो सांगितला" असं एक वाक्य घाल, तेही खरं असेल.

"सर, हे तर दिसतंच आहे" असं जो म्हणाला, त्याचं नाव मात्र घालू नकोस. त्याला आता हसू येत असेल, पण कार्ड सरांच्या घरी राहणार आहे, पाहुण्यांना दाखवलं जाणार आहे. वर्गातली गंमत ज्याच्यावर झाली त्या मुलाला ती कायमची चिकटते. सरांचं तुम्ही पाडलेलं टोपणनावही नको. सरांना ते माहीत असतं, आणि तुम्हाला वाटतं तेवढं त्यांना ते गोड वाटत नाही.

दुसरी फार मोलाची चिठ्ठी एकटीच आहे. एका मुलीने लिहिलंय की वहीत सिद्धतेची पायरी लिहून पुढे कारण दिलं नाही, तर सर चूक अशी खूण करत नाहीत. लाल पेनाने फक्त कंस काढतात आणि तो रिकामा सोडतात. दुसऱ्या दिवशी तो भरून दाखवायचा. मी अनेक वर्षं वह्या तपासल्या आहेत, राणी. साठ वह्या समोर असताना फुली मारणं हे सोपं काम असतं. रिकामा कंस काढला की ती वही दुसऱ्यांदा बघावी लागते. सर हे निमूटपणे करत आले. इतर मुलांना विचार, तुमच्याही वहीत रिकामे कंस आहेत का. असले, तर कार्डाला दुसरं काही लागत नाही.

आता मी जोडलेला नमुना सांगते. तुम्ही "आपण" लिहिलंय, मी "तुम्ही" केलं आहे. वर्गात तुम्ही सरांना "तुम्ही"च म्हणता. शिवाय वर्गाच्या पत्रात "आपण" म्हटलं की ते सर की आपण सगळे, असा गोंधळ होतो.

"आदरणीय सर,
सा. न. वि. वि.
वर्तुळाच्या धड्यात तुम्ही फळ्यावर दोन रेघा काढल्या होत्यात आणि मोठी कोणती ते विचारलं होतंत. आम्ही एकीसाठी हात वर केले. तुम्ही पट्टी लावलीत, तर दोन्ही सारख्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही आकृती पाहून लगेच हो म्हणत नाही.
आमच्या वह्यांमध्ये तुम्ही लाल पेनाने काढलेले रिकामे कंस आहेत. काही आम्ही लगेच भरले, काहींना चार दिवस लागले, काही अजून रिकामे आहेत. गणित अवघड वाटणारे आमच्यात आहेत. पण आता काहीच येत नसलं तरी आम्ही आकृती काढतो, पक्ष लिहितो, साध्य लिहितो, आणि मग विचार करत बसतो. वही कोरी ठेवत नाही.
पुढच्या वर्षी दहावीला तुम्ही आम्हाला नसाल. पायरीपुढे कारण राहिलं तर कंस आता आम्हीच काढू.
तुम्हाला आणि काकूंना आमचा नमस्कार.
तुमचे विद्यार्थी,
इयत्ता नववी, तुकडी ब"

मोजून बघ, हे एकशे पंधरा शब्दांच्या आसपास आहे. मुद्दाम तेवढंच ठेवलंय. ए-थ्री आकाराचा कार्डशीट मधोमध दुमडला की आत दोन पानं मिळतात, प्रत्येक ए-फोरएवढं. डाव्या पानावर सुवाच्य हाताने एक सेंटिमीटर अंतराच्या वीस-बावीस ओळी बसतात, ओळीला सहा-सात शब्द. त्याहून लांब मजकूर केला तर अक्षर बारीक करावं लागेल, आणि सरांचा चष्मा तुम्हाला माहीत आहे. "काही अजून रिकामे आहेत" हे वाक्य तुम्हाला काढावंसं वाटेल. माझ्या मते तेच ठेवा, कारण त्यामुळे बाविसावी चिठ्ठी कार्डात आली.

आभार कुठेच मानलेले नाहीत, हे तुझ्या लक्षात येईल आणि तुझी आई हटकेल. हवं तर शेवटी एक वाक्य घाला. पण रिकाम्या कंसाची आठवण ठेवली आहे हे ज्यांना सांगितलं, त्यांना आभार पोचलेले असतात. "आम्ही दर वर्षी भेटायला येऊ" असं मात्र लिहू नका. दोन वर्षांनी तुम्ही चार गावांना शिकायला पांगाल, आणि सर गुरुपौर्णिमेला दाराकडे बघत बसतील.

खर्डा पक्का करण्याआधी रिकाम्या तासाला मोठ्याने वाच. आधीच सांग की "हे माझ्या बाबतीत खरं नाही" असं कोणीही म्हणू शकतो आणि म्हटलं तर वाक्य बदलेल, चर्चा होणार नाही. उघड बोलायला जे लाजतील त्यांच्यासाठी दिवसभर एक डबा ठेव. लिहायचं काम तुमच्यातल्या सगळ्यात सुंदर अक्षराच्या मुलाला किंवा मुलीला दे, पण आधी साध्या कागदावर पूर्ण लिहून घे. शुद्धलेखन दोघांनी वेगवेगळं तपासा, मग मला पाठव.

सह्यांसाठी उजवं पान. कडेने दोन-दोन सेंटिमीटर सोडून पेन्सिलीने पुसट चौकटी आख: तीन उभे स्तंभ, प्रत्येकात सोळा. एक चौकट साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि दीडहून थोडी जास्त उंच होते, त्यात पूर्ण नाव आरामात बसतं. मोकळं पान फिरवलं की पहिल्या बाकावरची मुलं तळहाताएवढ्या सह्या करतात आणि शेवटच्यांना कोपरे शोधावे लागतात. चौकटी हजेरीच्या क्रमाने लाव. गैरहजर मुलाची जागा त्यामुळे आपोआप राखली जाते. शिवाय तुमचे सर वर्गशिक्षक आहेत, रोज सकाळी याच क्रमाने नावं घेतात, ते पान वाचताना त्यांना हजेरी घेतल्यासारखंच होईल. सही नको, नाव लिहा, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. नववीतल्या सह्या दहावीपर्यंतही टिकत नाहीत. आणि खाली शैक्षणिक वर्ष लिही. माझ्या कपाटात एक फार सुंदर कार्ड आहे, हाताने रंगवलेलं, खाली "तुमचा लाडका वर्ग" एवढंच. ते कोणत्या वर्षाचं, कोणत्या तुकडीचं, हे मला आता सांगता येत नाही, आणि दर वेळी ते हातात घेतलं की मी चेहरे शोधत बसते.

साधं बॉलपेन वापरा. जेल पेनाची शाई गुळगुळीत कार्डशीटवर लवकर वाळत नाही. डावखुऱ्या मुलांचा हात फिरतो आणि नाव पुसतं, शिवाय कार्ड मिटलं की उजव्या पानावरची शाई डाव्या मजकुरावर उमटते. स्केचपेन पातळ कागदातून मागे फुटतं. आधी एका तुकड्यावर लिहून बोट फिरवून बघ. जाड शीट नुसता दुमडला तर घडीवर भेगा पडतात, म्हणून पट्टी धरून रिकाम्या रिफीलने घडीची रेघ आधी दाबून घे. पेन्सिलीच्या रेघा दुसऱ्या दिवशी पुसा. मुखपृष्ठावर काय काढायचं ते तुम्ही ठरवा. मला विचारशील तर त्या दोन रेघा, बाकी काही नको. त्या मात्र मोजून, खरोखर सारख्या काढा. सर पट्टी लावून बघतील.

वर्गणी पाच रुपयांच्या वर नको. अठ्ठेचाळीस जणांचे दोनशे चाळीस होतात, त्यात शीट, पेनं आणि मोठं पाकीट येतं. ज्यांनी दिले नाहीत त्यांची यादी फळ्यावर लिहू नकोस. पेन, घड्याळ, फोटोफ्रेम अशी भेट जोडायचा विषय निघेल. तुमचे पेपर अजून सरांनाच तपासायचे आहेत, तेव्हा कार्डाबरोबर वस्तू नको.

देताना भाषण नको. मजकूर एकाने वाचावा, आणि वाचणारा तो असावा ज्याने तो कार्डावर लिहिलेला नाही. सर काही बोलले तर ऐका. नाही बोलले आणि खडू उचलून शिकवायला लागले, तरी वह्या उघडा.

दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या आल्या की पाठव. रिकाम्या कंसाबद्दल आणखी कोणी लिहिलं आहे का, ते मला पाहायचं आहे. एकीच्याच वहीत असेल, तर "आमच्या वह्यांमध्ये" म्हणता येणार नाही आणि तो परिच्छेद नव्याने करावा लागेल. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या